कोमोरेबी आणि तिची भावंडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी शिकवताना आणि निसर्गातल्या जपानी शब्दांवर लिहिताना मला येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. बहुतेकांची सुरुवात कोमोरेबीपासून होते, म्हणून इथेही तिलाच सगळ्यात जास्त जागा दिली आहे. साधे प्रश्न आधी घेतले आहेत आणि गुंतागुंतीचे शेवटी. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोमोरेबी म्हणजे नेमकं काय?

झाडाच्या पानांमधून आणि फांद्यांमधून खाली झिरपणारं ऊन म्हणजे कोमोरेबी. शब्दकोशातला अर्थ एवढाच आहे. ऊन पाहिजे, झाड पाहिजे, आणि झाडाने ते ऊन बरंचसं अडवून थोडंसंच सोडलेलं पाहिजे. उघड्या मैदानातल्या उन्हाला हा शब्द लागत नाही आणि गर्द सावलीलाही लागत नाही. त्या सावलीचा शब्द वेगळा आहे, कोकागे, म्हणजे झाडाखालची सावली. एकाच झाडाखाली तुम्ही कोकागेत बसलेले असता आणि कोमोरेबी तुमच्या गुडघ्यावर पडलेली असते.

२. हा शब्द कसा बनला? तुकडे पाडून सांगाल का?

तीन तुकडे आहेत: ‘को’ म्हणजे झाड, ‘मोरे’ म्हणजे गळणं, आणि ‘बि’ म्हणजे ऊन.

झाडाला जपानीत एरवी ‘कि’ म्हणतात. पण समासात पुढे आलं की काही जुन्या शब्दांत त्याचं ‘को’ होतं. कोकागेमध्ये तेच झालं आहे आणि कोनोहा, म्हणजे झाडाचं पान, यातही. आपल्याला हे नवं वाटू नये. ‘पाणी’ एकटं असताना पाणी असतं, पण पाणवठा, पाणकोंबडी, पाणलोट म्हणताना त्याचं ‘पाण’ होतंच की.

‘बि’ हा मूळचा ‘हि’. समासात दुसऱ्या जागी गेल्यावर ‘ह’चा ‘ब’ होणं जपानीत नेहमीचं आहे. या ‘हि’चे अर्थ दोन आहेत: सूर्य किंवा ऊन, आणि दिवस. मराठीत गावाकडे ‘दिवस उगवला’, ‘दिवस मावळला’ असं म्हणतात तेव्हा दिवस म्हणजे सूर्यच असतो. ‘हि’ अगदी तसा आहे.

मला सगळ्यात आवडतो तो मधला तुकडा. मोरेरु हे क्रियापद काव्यातलं नाही, घरातलं आहे. नळातून पाणी मोरेरु, सिलिंडरमधून गॅस मोरेरु, गुपितही मोरेरु. म्हणजे पानांचं छप्पर आहे, ते पक्कं शाकारलेलं नाही, आणि त्यातून ऊन गळतंय. ‘गाळून आलेलं ऊन’ असं भाषांतर काही ठिकाणी दिसतं, ते मला चुकीचं वाटतं. गाळणं मुद्दाम केलं जातं. इथे गळती आहे आणि ती कोणी लावलेली नाही.

३. उच्चार कसा करायचा? कोमोरेबी की कोमोरेबि?

जपानीत शेवटचा इकार ऱ्हस्व आहे. मराठीत शब्दाच्या शेवटी आपण दीर्घ लिहितो, म्हणून मी कोमोरेबी लिहिते आणि म्हणताना आखूड म्हणते. को-मो-रे-बि ही चारही अक्षरं सारख्या लांबीची म्हणा, कुठल्याही एकावर आघात देऊ नका. जपानी ‘र’ला जीभ टाळूला एकदाच हलकेच टेकते. आपला ‘र’ त्याच्या खूप जवळ आहे, त्यामुळे मराठी विद्यार्थ्यांना या शब्दात अडचण येत नाही. लिंग मी स्त्रीलिंगी धरते, कारण मराठीत बोलताना कानाला तसं बरं वाटतं. जपानीत नामांना लिंग नसतंच.

४. मराठीत ‘कवडसा’ आहे. मग कोमोरेबीला वेगळा शब्द कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि रास्त आहे. इंग्रजीत एका शब्दात सांगता येत नाही, म्हणजे जगातल्या कुठल्याच भाषेत सांगता येत नाही, असं धरून चालतात. कवडसा हा कोमोरेबीचा फार जवळचा नातेवाईक आहे.

तरी फरक आहेत. कवडशाचं मूळ घर म्हणजे घरच. कौलारू घरात एखादं कौल सरकलेलं असतं, त्यातून उन्हाचा दांडा आत येतो, त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक उजळ ठिपका पडतो. तो कवडसा. भोवती अंधार असल्याशिवाय तो नीट उमटत नाही. तो मोजताही येतो: एक कवडसा, दोन कवडसे. कोमोरेबी मोजता येत नाही. ती झाडाखालची सबंध अवस्था आहे, ठिपके, त्यांची हालचाल आणि मधली हिरवट सावली यांच्यासकट.

दुसरा फरक असा की कवडसा कशातूनही येतो: कौल, खिडकी, दाराची फट, पानं. कोमोरेबीला झाडच लागतं (अपवादांसाठी प्रश्न ७ पाहा). म्हणून भाषांतरात मी ‘पानांतले कवडसे’ असं लिहिते आणि ते पुरतं. ‘उन्हाची तिरीप’ मात्र वापरू नये. तिरीप तिरकी आणि एकटी असते. संध्याकाळी दारातून येते ती तिरीप.

५. मग इंग्रजीत खरंच काही नाही का?

एका शब्दाचं रोजच्या वापरातलं नाम नाही, एवढंच खरं. ‘डॅपल्ड’ हे विशेषण आहे, त्याला ‘लाइट’ जोडलं की काम भागतं. वनस्पतिशास्त्रात ‘सनफ्लेक’ नावाचं नामही आहे: जंगलाच्या तळाशी काही सेकंद किंवा काही मिनिटं टिकणारा उन्हाचा तुकडा. तिथल्या लहान रोपांना अन्न बनवायला हे तुकडे फार उपयोगी पडतात, म्हणून शास्त्रज्ञांना त्यासाठी शब्द लागला. पण तो शब्द प्रयोगवहीत राहिला आणि कोमोरेबी बोलण्यात आहे. फरक आहे तो इथे.

६. झाडाखालचे ठिपके गोल का असतात? पानांमधली भोकं तर वेडीवाकडी असतात.

कारण तो ठिपका भोकाचा आकार दाखवत नाही. तो सूर्याचं चित्र आहे. लहान छिद्रातून प्रकाश आला की समोर वस्तूची प्रतिमा पडते. शाळेत खोक्याला टाचणीने भोक पाडून कॅमेरा करतात, तेच इथे पानं करतात. सूर्य गोल, म्हणून ठिपका गोल. ऊन तिरकं असेल तर जमिनीवर तो लांबट होतो. कागद उन्हाच्या दिशेला सरळ सामोरा धरा, तो पुन्हा गोल होईल.

याचा हिशोब घरच्या घरी करता येतो. सूर्याचं आपल्यापासूनचं अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट आहे. म्हणून ठिपका आणि भोक यांच्यातलं अंतरही ठिपक्याच्या व्यासाच्या १०८ पट असतं. आमच्या अंगणात आंबा आहे. मी सकाळी त्याच्याखाली पुठ्ठा सूर्याकडे तोंड करून धरला आणि सगळ्यात रेखीव ठिपक्यावर पट्टी ठेवली. व्यास ५ सेंटिमीटर भरला. १०८ ने गुणलं तर ५४० सेंटिमीटर. म्हणजे ज्या फटीतून ते ऊन आलं ती उन्हाच्या रेषेत साधारण साडेपाच मीटर वर होती, आणि झाडाच्या शेंड्याजवळची दाट पानं तेवढ्याच उंचीवर आहेत. शेजारी दुसरा ठिपका जेमतेम ३ सेंटिमीटरचा होता आणि जास्त कडक. तो खालच्या फांदीतून, सव्वातीन मीटरवरून येत होता. फट जितकी उंच तितका ठिपका मोठा आणि फिकट. कोमोरेबीत जी खोली वाटते ती मला वाटतं यातूनच येते. वेगवेगळ्या उंचीवरचे सूर्य एकाच जमिनीवर एकमेकांवर पडलेले असतात.

हिशोब चुकतो तो फट मोठी असली की. हाताच्या पंजाएवढी फट डोक्यावर दोन मीटरवर असेल तर खाली फटीचाच वेडावाकडा आकार पडतो. कडा पाहून हे ओळखता येतं. सूर्याचं चित्र असेल तर कड मऊ आणि वळणदार दिसते, फटीची सावली असेल तर पानांची टोकं ओळखू येतात.

खात्री करायची तर खंडग्रास सूर्यग्रहणात झाडाखाली जा. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसलं. त्या वेळी जिथे आभाळ मोकळं होतं तिथे झाडाखालचा प्रत्येक ठिपका कोरीसारखा झाला होता. वर सूर्याकडे न बघता ग्रहण बघण्याचा हा निर्धोक मार्ग आहे.

७. चांदणं पानांतून पडलं तर? जाळीतून, बांबूतून, ढगांतून आलेलं ऊन?

चांदण्याला कोमोरेबी म्हणता येत नाही, कारण शब्दातच ‘हि’, म्हणजे ऊन, बसलं आहे. खिडकीची जाळी, पडदा, पत्र्याचं भोक यांतून आलेलं ऊनही कोमोरेबी नाही. बांबू खरं तर झाड नाही, गवताच्या कुळातला आहे, पण बांबूच्या बनातल्या उन्हाला जपानी लोक सर्रास कोमोरेबी म्हणतात. पानगळीनंतर नुसत्या फांद्यांमधून येणारं हिवाळी ऊनही चालतं.

ढगांच्या फटींतून जे उन्हाचे दांडे खाली उतरतात त्यांना कोमोरेबी म्हटलेलं इंटरनेटवर वारंवार दिसतं. ते चूक आहे. त्यांना जपानीत तेन्शी नो हाशिगो म्हणतात, देवदूताची शिडी. ही कल्पना बायबलमधल्या याकोबच्या शिडीवरून तिथे गेली आहे, त्यामुळे तिला खास जपानी म्हणण्यातही अर्थ नाही.

८. ‘परफेक्ट डेज’ चित्रपटात याचा अर्थ वेगळा दिला आहे. कोणता खरा?

विम वेंडर्सच्या या २०२३ च्या चित्रपटात नावं संपल्यावर कोमोरेबीची व्याख्या येते: वाऱ्याने हलणाऱ्या पानांमुळे होणारा उजेड-सावलीचा खेळ, जो फक्त त्या क्षणापुरता असतो. चित्रपटाचा नायक रोज दुपारी झाडाचे फोटो काढतो, त्याला ती व्याख्या शोभते. पण हलणं आणि क्षणभर असणं या दोन गोष्टी शब्दात नाहीत. वारा पडलेला असताना तासभर एका जागी राहिलेलं ऊनही कोमोरेबीच. दिग्दर्शकाने अर्थाला आपली भर घातली आहे. ती सुंदर आहे, पण परीक्षेत लिहू नका.

९. जपानी माणूस हा शब्द रोज वापरतो का?

शब्द सगळ्यांना माहीत असतो, लहान मुलांनाही. पण येताजाता तोंडात असतो असं नाही. पत्रात, प्रवासवर्णनात, बागेच्या माहितीफलकावर, आणि बालवाडी, वृद्धाश्रम, कॅफे यांच्या नावांत तो जास्त भेटतो. बोलताना दोन क्रियापदं लक्षात ठेवा. कोमोरेबी गा सासु, म्हणजे कोमोरेबी पडते. आणि कोमोरेबी ओ आबिरु, म्हणजे ती अंगावर घेणं. हे आबिरु अंघोळीचा शॉवर घेण्यासाठीही वापरतात, म्हणून ‘पानांतल्या उन्हात न्हाणं’ हे मराठी मला जवळचं वाटतं.

१०. हायकूत कोमोरेबी वापरली तर चालेल?

वापरा, पण तिच्या भरवशावर ऋतू सोडू नका. पारंपरिक हायकूत एक किगो, म्हणजे ऋतू सांगणारा शब्द, लागतो, आणि कोमोरेबी किगो नाही, कारण ती बारा महिने पडते. नवोदितांचं इथेच चुकतं. शब्द निसर्गातला आहे म्हणजे तो ऋतूचा असणारच, असं त्यांना वाटतं. सोबत दुसरा ऋतुशब्द ठेवावा लागतो.

वसंतासाठी हानाइकादा घ्या: पाण्यावर गळालेल्या चेरीच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून वाहत जातात, तो पाकळ्यांचा तराफा. उत्तर जपानमध्ये हिरोसाकीच्या किल्ल्याचा खंदक मोहोर गळताना काठोकाठ गुलाबी होतो. तिथे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

११. कोगाराशी हा नुसता थंड वारा ना? त्याची सरकारी घोषणा होते हे खरं आहे?

खरं आहे. कोगाराशीतही तोच ‘को’ आहे (प्रश्न २). अर्थ ‘झाडं वाळवणारा’. शरद संपताना सुटणारा, उरलीसुरली पानं उतरवणारा कोरडा वारा.

जपानची हवामान संस्था मोसमातल्या पहिल्या वाऱ्याला ‘कोगाराशी क्रमांक १’ म्हणून जाहीर करते, आणि तेही फक्त टोकियो आणि ओसाकाच्या बाजूचा किन्की प्रदेश या दोनच ठिकाणांसाठी. टोकियोसाठी अटी अशा: ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ, हिवाळी वायुदाबाची रचना, उत्तर ते पश्चिम-वायव्य दिशेचा वारा, आणि वेग सेकंदाला ८ मीटर किंवा जास्त, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर. सगळ्या अटी जुळल्या नाहीत तर घोषणा होत नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये टोकियोत ती झालीच नाही. म्हणून ‘आज कोगाराशी होता’ हे कोणीही म्हणू शकतं, पण क्रमांक मिळालेला कोगाराशी ही मोजमापाची गोष्ट आहे. क्रमांक २ जाहीर होत नाही.

१२. पौर्णिमेनंतरच्या चंद्रांना रोज वेगळं नाव असतं म्हणतात. ते कसं?

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. नावं त्या उशिरावरून पडली आहेत. सोळाव्या रात्रीचा इझायोई, म्हणजे घुटमळणारा. सतराव्या रात्रीचा ताचिमाची, उभ्याने वाट बघण्याचा. अठराव्याचा इमाची, बसून वाट बघण्याचा. एकोणिसाव्याचा नेमाची, आडवं होऊन वाट बघण्याचा. विसाव्याचा फुकेमाची, रात्र चढेपर्यंत वाट बघण्याचा.

मराठी घरात हे शिकवावं लागत नाही. वद्य चतुर्थी म्हणजे शुक्ल प्रतिपदेपासून एकोणिसावा दिवस, म्हणजे संकष्टीचा चंद्र हा बहुतेक वेळा नेमाचीच. दोन्हीकडच्या मोजणीत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, पण रात्री नऊच्या सुमाराला गच्चीवर जाऊन ‘आला का?’ विचारणारी आणि उपाशीपोटी पुन्हा खाली येऊन टेकणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा शब्द आतून कळतो. शरदातल्या पौर्णिमेच्या सुमाराला जपानच्या अक्षांशावर हा रोजचा उशीर ५० मिनिटांपेक्षा बराच कमी असतो. म्हणजे ज्या मोसमात ही नावं सगळ्यात जास्त आठवतात, त्याच मोसमात वाट सगळ्यात कमी बघावी लागते.

१३. ऊन असताना पाऊस पडतो त्याला काय म्हणतात?

कित्सुने नो योमेइरी, कोल्हीणबाईची वरात. नवरी सासरी निघाली आहे आणि माणसांनी पाहू नये म्हणून तिने पाऊस पाडला, अशी समजूत. आपल्याकडेही ऊन-पाऊस एकत्र आला की ‘कोल्ह्याचं लग्न लागलं’ म्हणतात. त्यामुळे हा शब्द फक्त जपानी आहे असं कोणी सांगितलं तर मानू नका. साधा शब्द हवा असेल तर तेन्कि-आमे, म्हणजे उघडीपीतला पाऊस.

एक अडचण सांगून ठेवते. जुन्या गोष्टींत कित्सुने नो योमेइरी रात्री घडते. तिथे तिचा अर्थ पाऊस नसतो, डोंगरावर कंदिलांसारखी हलताना दिसणारी गूढ दिव्यांची रांग असतो. गोष्टीत रात्र असेल तर दुसरा अर्थ घ्या.

१४. ‘अनुवाद न होणारे शब्द’ अशा याद्यांतलं काय वगळू?

शिनरिन-योकु, म्हणजे वनस्नान, हा शब्द प्राचीन म्हणून सांगतात. तो जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये काढला, लोकांनी जंगलात फिरायला यावं म्हणून. शब्द चांगला आहे, फक्त त्याला हजार वर्षांचा करू नका. कोहारुबियोरी, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरचा उबदार दिवस, हा त्या याद्यांत असूच नये, कारण त्याच अर्थाचा ‘इंडियन समर’ इंग्रजीत आहे.

१५. सात्सुकिबारे म्हणजे मे महिन्यातलं निरभ्र आकाश की पावसाळ्यातली उघडीप? दोन पुस्तकांत दोन अर्थ आहेत.

दोन्ही बरोबर आहेत, आणि गोंधळाला कारण आहे १ जानेवारी १८७३. त्या दिवशी जपानने चांद्र पंचांग सोडून आजचं कॅलेंडर घेतलं. सात्सुकि हा जुन्या पंचांगातला पाचवा महिना, साधारण जूनमध्ये येणारा, म्हणजे भर पावसाचा. त्यामुळे सात्सुकिबारे ही मुळात त्या पावसातली उघडीप, आणि सामिदारे हा त्याच महिन्यातला पाऊस. कॅलेंडर बदललं, पाचवा महिना म्हणजे मे झाला, आणि जपानमध्ये मे तर कोरडा आणि लख्ख. शब्द तसाच राहिला, खालचं आभाळ बदललं.

बाशोने १६८९ च्या प्रवासात मोगामी नदीवर लिहिलेल्या हायकूत सामिदारे आहे. तिथे कोणी ‘मे महिन्यातला पाऊस’ असं भाषांतर केलेलं दिसलं तर ते चुकलं आहे. ती नदी जुलैच्या पुरात फुगलेली आहे. सामिदारेचा अर्थ आजही जुनाच राहिला, म्हणून तिथे शंका नको. सात्सुकिबारेसाठी मी मजकुराची तारीख बघते. १८७३ च्या आधीचा असेल किंवा हायकू असेल, तर उघडीप. वर्तमानपत्रातली मे महिन्याची बातमी असेल तर निळं आभाळ.